बिटकॉइन पडला की हा कॉइन किती पडतो? बीटावरून रक्कम ठरवतोय, शीट तपासून द्या

जुनी_मिल
रविवार, रात्री ९.१०

एका मध्यम आकाराच्या आल्टकॉइनमध्ये पैसे घालायचे आहेत. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा "घ्यावा की नको"वर जाईल. माझा प्रश्न वेगळा आहे. बिटकॉइन २५ टक्के पडला तर या कॉइनमधलं माझं नुकसान २०,००० रुपयांच्या वर जाऊ नये. मग त्यात किती रक्कम ठेवायची?

आतापर्यंत केलेलं असं: १८० दिवसांचे रोजचे बंद भाव घेतले. बिटकॉइनचे मोठ्या जागतिक एक्स्चेंजवरचे, USDT मधले. कॉइनचे आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या ॲपवरून काढलेले, रुपयातले. दोन्हींचे रोजचे लॉग परतावे काढले आणि `SLOPE` लावलं. उत्तर आलं १.०७.

म्हणजे बिटकॉइन २५ टक्के पडला तर हा २६.७५ टक्के पडणार. २०,००० भागिले ०.२६७५ म्हणजे साधारण ७४,८०० रुपये. हिशेब सरळ वाटतो, पण चार्ट उघडला की पटत नाही. बिटकॉइन ४ टक्के घसरला त्या दिवशी हा ७-८ टक्के खाली दिसतो. शीट खोटं बोलतंय की माझे डोळे?

नवीपेठ_कट्टा
रविवार, रात्री ९.३२

बीटा एकच्या जवळ म्हणजे बिटकॉइनइतकाच जोर. चांगलाच की हो. नाव सांगा, आपणही थोडा घेऊन ठेवू.

जुनी_मिल
रविवार, रात्री ९.३५

अहो दादा, वरची दुसरी ओळ वाचा ना.

उभा_ताणा
रविवार, रात्री १०.२०

तुमचे डोळे बरोबर आहेत. दोन भावांची घड्याळं वेगळी आहेत, तिथे शीट फसलंय.

जागतिक एक्स्चेंजची रोजची कँडल UTC प्रमाणे मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. आपल्याकडच्या ॲपने दिवस भारतीय मध्यरात्रीला बंद केला असेल, तर त्याच तारखेची कॉइनची कँडल साडेपाच तास आधीच संपते. २४ तासांतले साडेअठरा तासच दोघांचे समान उरतात. साडेअठरा भागिले चोवीस म्हणजे ०.७७. हालचाल दिवसभर सारखी पसरलेली आहे असं धरलं तर बीटाही तेवढ्याच प्रमाणात कमी दिसतो. तुमचा १.०७ भागिले ०.७७ केला की १.३९ येतो. माझा अंदाज, खरा आकडा त्याच्या आसपास निघेल.

अंदाजावर राहू नका, तपासता येतं. कॉइनचा आजचा परतावा बिटकॉइनच्या कालच्या परताव्यासमोर ठेवा. घड्याळं जुळत असतील तर हा उतार शून्याच्या आसपास यायला हवा. तुमच्याकडे तो ०.३ च्या घरात आला तर हरवलेला बीटा तिथे सांडलाय असं समजा. B बिटकॉइनचा भाव, C कॉइनचा, D आणि E त्यांचे परतावे असं धरून:

```
D3:  =LN(B3/B2)
E3:  =LN(C3/C2)
आजचा:   =SLOPE(E3:E182, D3:D182)
कालचा:  =SLOPE(E4:E182, D3:D181)
```

दुसरं म्हणजे रुपयातला भाव वापरूच नका. त्यात USDT ला रुपयात जो चढा दर पडतो तोही मिसळलेला असतो आणि गडबडीच्या दिवशी नेमका तोच हलतो. दोन्ही भाव एकाच ठिकाणचे, USDT मधलेच घ्या:

```
https://api.binance.com/api/v3/klines?symbol=BTCUSDT&interval=1d&limit=182
```

प्रत्येक ओळीतला पाचवा आकडा बंद भाव असतो. शेवटची ओळ आजची असते, ती कँडल अजून चालू आहे, म्हणून ती काढून टाका. उरले १८१ भाव, म्हणजे १८० परतावे. `symbol` बदलून कॉइनचेही तसेच घ्या.

जुनी_मिल
सोमवार, सकाळी ७.५०

जुन्या शीटवर "कालचा" उतार ०.३२ आला. नवीन भाव घालून दोन्ही पुन्हा काढले. आता आजचा १.३९, कालचा ०.०२. म्हणजे घोळ घड्याळाचाच होता. एवढ्यानेच रक्कम ७४,८०० वरून ५७,५०० वर आली.

अक्कलकोट_रोड
सोमवार, सकाळी ८.१५

यात एक भर. "कालचा" उतार दर वेळी घड्याळामुळेच येतो असं नाही. कमी उलाढालीच्या कॉइनमध्ये रात्री शेवटचा सौदा कधीतरी होतो आणि तोच बंद भाव म्हणून छापला जातो. बाजार समितीला सुट्टी असली की पाटीवर कालचाच कांदा भाव दिसतो, तसंच. बिटकॉइन पडलेला असतो, या कॉइनला ते सकाळी कळतं. घड्याळं जुळवूनही कालचा उतार ०.२-०.३ राहिला तर दोन्ही उतारांची बेरीज धरायची. फक्त आजचा धरला की बीटा कमी दिसणार आणि कॉइन जितका सुस्त तितका तो "सुरक्षित" वाटणार.

हुरडा_पार्टी
सोमवार, सकाळी ९.०५

पण १.३९ सुद्धा तुमच्या कामाचा नाही. त्यात चढत्या दिवसांचाही हिशेब आहे. तुम्हाला पडझडीची भीती आहे ना? मग पडझडीचे दिवस वेगळे काढा. मी माझ्या कॉइनसाठी तो ५ टक्क्यांहून जास्त पडला ते सगळे दिवस चाळले, त्या दिवशी बिटकॉइन किती पडला ते बघितलं आणि भागाकार केला. २.९ आला. तुम्हीही तसंच करा, १.३९ वर विसंबू नका.

उभा_ताणा
सोमवार, दुपारी १.४०

हुरडा, पडते दिवस वेगळे काढायचे हे बरोबर. दिवस निवडताना मात्र चाळणी उलटी धरलीय तुम्ही.

कॉइन ५ टक्के पडला असे दिवस निवडले की त्यात दोन प्रकार येतात. एक, सगळा बाजार पडला. दोन, बिटकॉइन जागेवर होता आणि या कॉइनचीच काही वाईट बातमी आली, टोकन अनलॉक झालं, मोठ्या धारकाने माल ओतला. दुसऱ्या प्रकारात अंशात ७ टक्के आणि छेदात अर्धा टक्का येतो. असे चार दिवस मिसळले की २.९ काय, ४ सुद्धा येईल. कॉइन पडला ते दिवस निवडून "कॉइन फार पडतो" हे सिद्ध करण्यात काही अर्थ नाही. चाळणी बिटकॉइनच्या परताव्यावरच लावायची: बिटकॉइन २ टक्क्यांहून जास्त पडला ते दिवस घ्या, त्या दिवशी कॉइनने काहीही केलेलं असो, वर गेला असला तरी तो दिवस ठेवा.

जुनी_मिल, हे लावा:

```
=LINEST(FILTER(E3:E182,D3:D182<-0.02), FILTER(D3:D182,D3:D182<-0.02), FALSE, TRUE)
```

पहिल्या ओळीतला पहिला आकडा बीटा, त्याच्या खालचा त्याची प्रमाण त्रुटी. मग `FALSE` च्या जागी `TRUE` करून पुन्हा बघा आणि दोन्ही इथे टाका.

जुनी_मिल
सोमवार, संध्याकाळी ७.२५

असे २६ दिवस निघाले. `FALSE` वर बीटा १.७५, त्रुटी ०.२४. `TRUE` वर १.२१ आणि त्रुटी ०.६८, शेजारी आणखी एक आकडा, उणे ०.०२१.

गोंधळ वाढला. पडत्या दिवसांत बीटा वाढायला हवा होता. मग एका पद्धतीत तो १.३९ पेक्षाही खाली कसा?

हुरडा_पार्टी
सोमवार, संध्याकाळी ७.४०

मीही बिटकॉइनवर चाळणी लावून बघितलं. २.९ चा १.९ झाला. मान्य.

उभा_ताणा
सोमवार, रात्री १०.०५

जुनी_मिल, १.२१ हे उत्तर चुकीचं नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं आहे.

`TRUE` मध्ये रेषेला कुठूनही सुरू व्हायची मोकळीक असते. तुमच्याकडे ती उणे २.१ टक्क्यांपासून सुरू झाली. याचा अर्थ, बिटकॉइनचा दिवस वाईट ठरला की हा कॉइन आधीच २.१ टक्के गमावून बसतो आणि त्यावर बिटकॉइनच्या दर एका टक्क्याला १.२१ टक्के आणखी जातात. त्या २६ दिवसांत बिटकॉइनची सरासरी घसरण किती आहे बघा. समजा ३.४ टक्के. मग कॉइनची सरासरी २.१ अधिक ४.१, म्हणजे ६.२ टक्के. ३.४ ला ६.२ म्हणजे १.८ पट. तुमच्या डोळ्यांना चार्टवर दिसत होतं ते हेच.

१.२१ उचलून रक्कम ठरवली तर ते आधीचे २.१ टक्के हिशेबातून गळतात. आपल्याला एकूण पडझड हवी आहे, म्हणून रेषा शून्यातून ओढायची, `FALSE`. शिवाय २ ते ७ टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात २६ ठिपके असताना उतार आणि सुरुवात असं दोन्ही शोधायला गेलं की काहीच नीट सापडत नाही. ०.६८ ची त्रुटी तेच सांगते. १.२१ खरं तर शून्यापासून अडीचपर्यंत कुठेही असू शकतो.

जुनी_मिल
सोमवार, रात्री १०.२०

सरासरी बरोबर ३.४ आहे. कॉइनची ६.२. तुम्ही शीट न बघता कसं ओळखलं?

उभा_ताणा
सोमवार, रात्री १०.३१

२ च्या खाली चाळणी लावली की सरासरी बहुतेक तीन-साडेतीनच्या घरात पडते. विशेष काही नाही.

आता रक्कम. तुमचे परतावे लॉगचे आहेत, त्यामुळे २५ गुणिले बीटा असा सरळ गुणाकार करू नका. बिटकॉइन २५ टक्के पडला म्हणजे त्याचा ०.७५ उरला. कॉइनचा उरणार ०.७५ चा बीटा-घात. १.७५ ला ०.६०४ उरतात, म्हणजे ३९.६ टक्के नुकसान. सरळ गुणाकाराने ४३.७५ आले असते. इथे फरक सावधगिरीच्या बाजूला पडतो म्हणून तो चालून जातो. पण बीटा २.५ आणि घसरण ४० टक्के धरून बघा. सरळ गुणाकार सांगतो कॉइन १०० टक्के गेला, घाताने ७२ टक्के येतात.

```
=20000/(1-0.75^1.75)
```

याचं उत्तर ५०,५०० च्या आसपास. पण १.७५ ला ०.२४ ची त्रुटी आहे. दोन त्रुटी वर धरल्या की २.२ च्या जवळ जातो आणि रक्कम ४२,६०० होते. २०,००० ही तुमची खरोखरची मर्यादा असेल तर मी वरचा बीटा, म्हणजे २.२ घेईन. ती नुसती "साधारण एवढं" असेल तर मधला चालेल. हे तुमचं तुम्ही ठरवायचं.

बाळीवेस_४०
मंगळवार, सकाळी ६.४५

माझ्याकडे एक छोटा कॉइन आहे. १८० दिवसांचा बीटा बरोबर १.० येतो, घड्याळं जुळवूनही. म्हणजे माझ्याकडचा माल बिटकॉइनच्या जोखमीचाच ना? मग त्यात बिटकॉइनइतकी रक्कम ठेवायला काय हरकत? धागा वाचून उलट बरं वाटलं.

अक्कलकोट_रोड
मंगळवार, सकाळी ८.३०

एवढ्यात बरं वाटून घेऊ नका. `CORREL` आणि `STDEV` काढून टाका इथे.

बाळीवेस_४०
मंगळवार, सकाळी ९.१०

`CORREL` ०.३०. रोजचं `STDEV` बिटकॉइनचं २.४ टक्के, माझ्या कॉइनचं ८ टक्के.

अक्कलकोट_रोड
मंगळवार, सकाळी ९.४८

हेच. बीटा म्हणजे सहसंबंध गुणिले दोघांच्या चढउतारांचं गुणोत्तर. ०.३० गुणिले ८ भागिले २.४, बरोबर १.०. तुमचा कॉइन बिटकॉइनच्या सव्वातीन पट उसळतो. फक्त बिटकॉइनच्या तालावर उसळत नाही, म्हणून बीटा लहान दिसतो.

बिटकॉइनने न समजावलेला भाग वेगळा काढा: ८ गुणिले वर्गमूळ (१ वजा ०.३० चा वर्ग), साधारण ७.६ टक्के रोजचे. वीस दिवसांत हा भाग वर्गमुळाने वाढतो. ७.६ गुणिले ४.४७ म्हणजे ३४ टक्के. बिटकॉइन जागचा हलला नाही तरी महिन्याभरात तुमचा कॉइन तिसरा हिस्सा खाली असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. जुनी_मिल, तुमच्या कॉइनचंही काढून बघा.

जुनी_मिल
मंगळवार, सकाळी १०.१५

`CORREL` ०.६८, `STDEV` ४.९. उरलेला भाग ३.६ टक्के आला, वीस दिवसांचा १६. म्हणजे बिटकॉइनमुळे ३९.६ जाणार, त्याच्या आजूबाजूला आणखी १६ इकडे किंवा तिकडे?

अक्कलकोट_रोड
मंगळवार, सकाळी १०.४०

साधारण तसं. काटेकोर बघायचं तर हे १६ लॉगमध्ये आहेत. ०.६०४ ला e च्या उणे ०.१६ व्या घाताने गुणा. ०.५१ उरतात, म्हणजे ४९ टक्के नुकसान.

आणि या उरलेल्या भागात सगळ्यात वाईट ते दिसतच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं तेव्हा बिटकॉइन २१ हजार डॉलरच्या वरून चार-पाच दिवसांत १६ हजारांच्या खाली आला. सोलाना त्याच दिवसांत निम्म्याहून जास्त गेला, कारण एफटीएक्स आणि अलामेडाकडे सोलानाचा मोठा साठा होता. आधीच्या १८० दिवसांच्या बीटात हे कुठून येणार? मे २०२२ चा लुना तर बीटाने मोजायची गोष्टच नव्हती.

होटगी_विंग
मंगळवार, दुपारी ३.२०

तुम्ही सगळे बंद भावावर हिशेब करताय. १० ऑक्टोबर २०२५ आठवा. आपल्याकडे ११ तारखेची पहाट, अडीच-पावणेतीनची वेळ. काही आल्टकॉइन काही मिनिटांत निम्म्याच्याही खाली गेले आणि साडेपाचला कँडल बंद होईपर्यंत बरेचसे वर आले. बाजारभर साधारण १,९०० कोटी डॉलरच्या पोझिशन लिक्विडेट झाल्याचे आकडे त्या दिवशी फिरत होते. मी फ्युचर्स करतो, ५x. तुमच्या शीटमधला १.७५ त्या पहाटे माझ्या काय कामाचा?

उभा_ताणा
मंगळवार, रात्री ९.१५

तुमच्या कामाचा नाही, मान्य. ५x वर साधारण २० टक्क्यांच्या जरा आधीच पोझिशन कापली जाते. मग दिवसाअखेर भाव कुठे आला याला अर्थ उरत नाही. तुम्हाला बंद भावाऐवजी नीचांक घ्यावा लागेल: दोघांचाही आदल्या बंदपासून त्या दिवसाच्या नीचांकापर्यंतचा लॉग. वरच्या API मध्ये तो चौथा आकडा असतो. दोघांचे नीचांक एकाच मिनिटाला लागले असतील असं नाही, पण लिक्विडेशनसाठी तेवढं चालतं.

जुनी_मिल यांचा प्रश्न उधारीशिवाय घेतलेल्या मालाचा आहे. त्यांच्यासाठी ती पहाटेची सुई फक्त तेव्हाच खरी, जेव्हा त्यांनी स्टॉप-लॉस लावलेला असेल. पातळ ऑर्डरबुकात स्टॉप लागला की सुईच्या टोकाजवळ माल विकला जातो.

हुरडा_पार्टी
मंगळवार, रात्री ९.५०

एक शंका. २५ टक्के काही एका दिवसात पडत नाहीत. दोन-तीन आठवडे घसरण चालते. रोजचा बीटा तिथे कसा लावायचा? मधल्या वर जाणाऱ्या दिवसांचं काय?

उभा_ताणा
मंगळवार, रात्री ११.००

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे. घसरणीच्या मधल्या उसळ्यांत बिटकॉइन ३ टक्के वर येतो, आल्ट २ टक्केच येतो. पडताना जास्त, उठताना कमी. फक्त पडते दिवस मोजले की ही गळती सुटते. म्हणून रोजच्या बीटाशेजारी घसरणीच्या पूर्ण टप्प्यांचा बीटा ठेवायचा.

बिटकॉइन शिखरापासून तळापर्यंत १५ टक्क्यांहून जास्त पडला असे टप्पे शोधा. त्यासाठी १८० दिवस पुरणार नाहीत, दोन वर्षं घ्या, `limit=732`. दोन्ही तारखा बिटकॉइनच्याच घ्यायच्या. कॉइनचं स्वतःचं शिखर आणि स्वतःचा तळ घेतला की हुरडा यांची पहिली चूक पुन्हा होते. मग त्या दोन तारखांमधला कॉइनचा लॉग परतावा भागिले बिटकॉइनचा.

जुनी_मिल
बुधवार, रात्री ८.०५

चार टप्पे सापडले. बीटा १.६, १.९, २.१, २.४. शेवटच्या टप्प्यात बिटकॉइन १८ टक्के पडला, कॉइन ३८ टक्के. LN(०.६२) भागिले LN(०.८२) म्हणजे २.४.

चार आकड्यांवर किती विसंबायचं? आणि आणखी एक. त्या २६ दिवसांपैकी एका दिवशी बिटकॉइनचा लॉग परतावा उणे ७.२ टक्के आणि कॉइनचा उणे १९ होता. तो एक दिवस काढला तर १.७५ चा १.५९ होतो. काढू का?

अक्कलकोट_रोड
बुधवार, रात्री ८.३०

त्या दिवशी कॉइनची स्वतःची काही बातमी होती का? अनलॉक वगैरे?

जुनी_मिल
बुधवार, रात्री ८.४४

अनलॉक त्याच आठवड्यात होता, दोन दिवस आधी.

अक्कलकोट_रोड
बुधवार, रात्री ९.००

मग मी काढला असता. त्या १९ मध्ये अनलॉकचा किती वाटा, बाजाराचा किती, हे सांगता येत नाही. शून्यातून जाणारी रेषा मोठ्या दिवसाला वर्गाच्या हिशेबाने वजन देते. २६ मधला एक दिवस, पण सातवा हिस्सा वजन त्या एकट्याचं आहे.

उभा_ताणा
बुधवार, रात्री ९.२२

मी काढला नसता. प्रश्न काय आहे? बिटकॉइन जोरात पडला तर काय होतं. सगळ्या शीटमध्ये बिटकॉइन जोरात पडल्याचा दिवस तोच एक. तो काढला की उरतात ते २ ते ५ टक्क्यांचे दिवस, त्यांचा तुमच्या २५ टक्क्यांशी संबंध लांबचा. आणि अनलॉकनंतर बाजारात विकाऊ माल जास्त होता म्हणूनच कॉइन जास्त पडला असेल, तर पुढचाही अनलॉक येणारच आहे. वेळापत्रक जाहीर असतं.

चार टप्प्यांबद्दल: सरासरी २.० काढून समाधान मानू नका, सगळ्यात वाईट २.४ बघा. त्याला रक्कम येते ४०,००० च्या आसपास. रोजच्या बीटाच्या वरच्या टोकाने ४२,६०० आली होती. दोन वेगळ्या वाटांनी एवढ्या जवळ पोचलो म्हणजे ४०,००० हा आकडा मला पटतो.

अक्कलकोट_रोड
बुधवार, रात्री ९.३५

४०,००० मलाही पटतो. तो दिवस ठेवण्याबद्दल मात्र नाही.

नवीपेठ_कट्टा
बुधवार, रात्री ९.५०

म्हणजे ७४,८०० वरून ४०,००० वर आलात. नाव तरी सांगा आता.

बाळीवेस_४०
गुरुवार, सकाळी ७.१५

माझ्या कॉइनचे टप्पे काढले. ०.४, ३.१, १.२, २.८. आता काय धरायचं? आणि बीटा महिन्याला बदलत असेल तर दर महिन्याला थोडं विकून रक्कम जुळवायची का?

अक्कलकोट_रोड
गुरुवार, सकाळी ८.०५

असे विखुरलेले आकडे आले की बीटाने रक्कम ठरवणं सोडून द्या. कॉइन निम्म्यावर येईल असं धरा आणि नुकसान सोसेल तेवढीच रक्कम ठेवा. ०.३० सहसंबंधाच्या कॉइनला बीटा लावणं म्हणजे बारीक माणसाच्या मापाने सगळ्या गल्लीचे सदरे शिवणं.

दर महिन्याला जुळवायचं म्हणाल तर आपल्याकडे ते महागात पडतं. प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, नफ्यावर ३० टक्के आणि वर सेस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. टीडीएस रिटर्नमध्ये जमा धरला जातो, पण तोवर पैसा अडकलेला. म्हणून घेतानाच रक्कम कमी ठेवायची. पुढे बीटा वाढला तर नवीन खरेदी थांबवायची, विकायला निघायचं नाही.

उभा_ताणा
गुरुवार, सकाळी ८.४०

यावर थोडा मतभेद. बीटा १.७५ चा १.९ झाला म्हणून विकू नये, ते त्रुटीच्या आतच आहे. पण भाव दुप्पट होऊन ४०,००० चे ८०,००० झाले तर पुढच्या घसरणीत जाणारे २०,००० सुद्धा ४०,००० होतात. मर्यादा खरी असेल तर तिथे विकायलाच लागतं, कर भरून.

जुनी_मिल
गुरुवार, रात्री ९.३०

४०,००० ठेवतोय, दोन हप्त्यांत. तो १९ टक्क्यांचा दिवस शीटमध्ये ठेवलाय, शेजारी अनलॉकची तारीख लिहून. दुप्पट झाल्यावर विकायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.

चाळणी २ ऐवजी ३ टक्क्यांवर लावून बघितली. दिवस ११ च उरले, बीटा १.८६, त्रुटी ०.४१. आकडा थोडा वर गेला, पण त्रुटीही दुपटीच्या जवळ गेली, म्हणून २ वरच ठेवली. दोन वर्षांच्या भावांवर ३ ची चाळणी लावली तर दिवस पुरेसे मिळतील, पण दीड वर्षापूर्वी या कॉइनची उलाढाल आजच्या चौथा हिस्साही नव्हती. ते दिवस धरावेत का?

हुरडा_पार्टी
गुरुवार, रात्री १०.१०

मी धरले असते, पण "कालचा" उतार मिळवून. तेव्हा पातळ होता ना.